घरातल्या जुन्या औषधांची नावं वाचून झाली, आता ती टाकायची कुठे?

मृणाल_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर सासूबाई वारल्या. शेवटचं वर्ष कॅन्सरच्या दुखण्यात गेलं, त्याआधी कितीतरी वर्षं संधिवात, शुगर आणि दमा होताच. आता त्यांचं कपाट आवरायला घेतलंय. औषधांचा एक मोठा डबा निघाला आणि त्यात काय काय आहे ते मी नीट वाचून वहीत लिहून काढलं.

बीपीच्या आणि कोलेस्ट्रॉलच्या पुष्कळ स्ट्रिप, बऱ्याच मुदत संपलेल्या. अँटिबायोटिकचे अर्धवट राहिलेले दोन कोर्स. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, त्या संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या. ट्रॅमाडॉलची एक स्ट्रिप. फेन्टानिलचे न उघडलेले पॅच, यांची मुदत अजून आहे. इन्सुलिनची दोन पेनं, सुयांसकट. दम्याचा एक पंप. आणि एका बरणीत सुट्या गोळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, एक गुलाबी. वार लिहिलेल्या डबीतून उरलेल्या त्या सासूबाई त्या बरणीत टाकायच्या. या कशाच्या ते कळायला मार्ग नाही.

चुलतसासरे म्हणतात बंबात घाल, दोन मिनिटांत राख होईल. जाऊबाई म्हणतात संडासात टाकून पाणी सोड. मला दोन्ही पटत नाही, पण मग करायचं काय? घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे डबा असाच ठेवायचा नाही.

आबा_भुदरगड

पोरी, बंबात घालायला हरकत काय? दवाखान्यातला कचरा पण शेवटी जाळतातच की. आगीत सगळं शुद्ध होतं. आमच्याकडं वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि कुणाला काही झालेलं नाही.

विनायक_उचगाव

जाळायची गरजच नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं सांगितलंय की औषधं फ्लश करा. पेपरात आलं होतं, मी स्वतः वाचलं. संडासात टाका आणि मोकळ्या व्हा.

अनघा_फार्मसिस्ट

विनायक, बातमी खरी आहे, पण अर्धी. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेनं मुदत संपलेल्या आणि न वापरलेल्या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फ्लश करायच्या औषधांची यादी आहे आणि तिच्यात फक्त १७ नावं आहेत. फेन्टानिल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, डायझेपाम, मिथाइलफेनिडेट अशी. बहुतेक सगळी जबर वेदनाशामकं, नाहीतर गुंगीची. बीपीची गोळी, अँटिबायोटिक, पॅरासिटामॉल, शुगरची गोळी यांतलं एकही त्या यादीत नाही. बाकीची औषधं परत गोळा करायची सोय राज्यांनी आणि केमिस्ट संघटनांनी उभी करावी, असं त्याच सूचनांत म्हटलंय.

ती १७ वेगळी का काढली ते लक्षात घ्या. ती नदीला चालतात म्हणून नव्हे. ज्याला ती लिहून दिलेली नाहीत त्याचा जीव एका डोसात जाऊ शकतो, म्हणून. कचऱ्यातला फेन्टानिलचा पॅच एखाद्या लहान मुलानं टिकली समजून अंगाला चिकटवला तर त्याचा श्वास थांबू शकतो. पाण्यात थोडं औषध गेल्याचा तोटा एका बाजूला आणि घरातला मृत्यू दुसऱ्या बाजूला, असा तो हिशोब आहे. तो हिशोब कोलेस्ट्रॉलच्या गोळीला लावता येत नाही.

आबांना बंबाबद्दल उत्तर देते, जरा सविस्तर लागेल.

कळंबा_कट्टा

पण अनघाताई, फ्लश केल्यानं होतं तरी काय? आपलं सांडपाणी कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात जातं ना? तिथं स्वच्छ होऊनच नदीत सोडतात.

अनघा_फार्मसिस्ट

ते केंद्र कशासाठी बांधलेलं असतं ते बघू. मैला, गाळ, कुजणारा पदार्थ, थोडक्यात जे जिवाणू खाऊ शकतात ते काढण्यासाठी. औषधाचा रेणू मात्र मुद्दाम टिकाऊ बनवलेला असतो. पोटातल्या आम्लात तो टिकावा, यकृतानं त्याला लगेच मोडू नये, अशीच त्याची रचना असते. तोच टिकाऊपणा टाकीतही कायम राहतो. पॅरासिटामॉलसारखी काही औषधं तिथं बऱ्यापैकी मोडतात. फिटच्या आजारासाठी देतात ते कार्बामाझेपिन जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. डायक्लोफिनॅकही नीट निघत नाही. आणि जिथं ड्रेनेज लाइनच नाही, तिथलं पाणी नाल्यातून सरळ पंचगंगेला मिळतं. खाली इचलकरंजी आहे, शिरोळ तालुका आहे, नृसिंहवाडीपर्यंतची गावं आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सांडपाण्यात जे औषध सापडतं त्यातलं बरंचसं आपण गिळलेल्या गोळ्यांचंच, लघवीवाटे आलेलं असतं. ते थांबवता येत नाही. पण अख्खी स्ट्रिप ओतणं थांबवता येतं. अँटिबायोटिकबाबत तर ते नक्कीच थांबवावं. सांडपाण्यात जिवाणूंची दाटी असते, त्यांना तिथं थोडं थोडं अँटिबायोटिक मिळत राहिलं की जे त्याला दाद देत नाहीत तेच मागे उरतात आणि वाढतात. घरी सेप्टिक टँक असेल तर त्यातला मैला कुजवणारे जिवाणूही मरतात, हा आणखी एक तोटा.

बावडेकर_निसर्ग

याच औषधांनी गिधाडं संपवली. डायक्लोफिनॅक पाण्यात गेलं आणि गिधाडं मेली. म्हणून फ्लश करू नका.

अनघा_फार्मसिस्ट

गिधाडं डायक्लोफिनॅकनंच मेली हे खरं, पण पाण्यातून नव्हे. दुखण्यासाठी ते इंजेक्शन गाईम्हशींना देत. असं जनावर मेलं की गिधाडं ते खात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलिच्या एका डोसापुरतंच ठेवलं. त्याचा कचऱ्याशी थेट संबंध नाही. फ्लश न करण्याची कारणं वेगळी आहेत आणि तीही पुरेशी आहेत.

आता बंब. आबा, दवाखान्यातला कचरा जाळतात हे बरोबर आहे, फक्त कसा जाळतात ते बघा. त्या भट्टीला दोन कप्पे असतात. पहिल्यात साधारण ८०० अंशांवर कचरा जळतो. त्यातून निघालेला धूर दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास किमान दोन सेकंद ठेवतात, म्हणजे धुरातलं जे न जळता उरलेलं असतं तेही जळतं. मग तो धूर धुऊन सोडतात. कॅन्सरच्या औषधांसारखी पेशी मारणारी औषधं असतील तर नियमानं १२०० अंशांच्या वर लागतात.

बंबात दुसरा कप्पा नाही. लाकूड, शेणी नीट पेटल्या तरी उष्णता सगळीकडं सारखी नसते आणि धूर तर लगेच वर निघून जातो. आता स्ट्रिप कशाची असते? वरून अॅल्युमिनियमची फॉइल, आणि ज्या पारदर्शक खळग्यांत गोळी बसते ते बहुधा पीव्हीसी प्लॅस्टिक. पीव्हीसीत क्लोरीन असतं. कमी उष्णतेवर ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, घसा आणि डोळे चरचरतात ते त्यानंच, आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. ती राखेलाही चिकटतात. ती राख आपण परसात, कढीपत्त्याच्या बुडाला टाकतो. दम्याचा पंप बंबात गेला तर तो फुटणारच. त्याच्यावरच लिहिलेलं असतं की रिकामा झाला तरी भोसकू नका, जाळू नका.

कुणाला काही झालं नाही असं तुम्हाला वाटतं, कारण या विषांचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसत नाही.

आबा_भुदरगड

फॉइल आणि प्लॅस्टिक काढून नुसत्या गोळ्या टाकल्या तर? राख तर होईलच की.

अनघा_फार्मसिस्ट

प्लॅस्टिकचा धूर वाचेल, एवढं मान्य. पण गोळीतलं औषध अर्धवट जळतं, काही वाफ होऊन धुरात जातं आणि बंब तर न्हाणीघराला लागूनच असतो. त्यात मेथोट्रेक्सेट असेल तर तो धूर कुणाच्याच नाकात जाता कामा नये.

मेडिकल_गंगावेश

मी केमिस्ट आहे, माझी बाजू सांगतो. लोक डबे घेऊन येतात आणि आम्ही नाही म्हटलं की नाराज होतात. आमच्या दुकानातला माल मुदत संपला की तो वेगळा ठेवतो, विक्रीसाठी नाही असं लिहितो आणि स्टॉकिस्टमार्फत कंपनीला परत पाठवतो. त्याचा हिशोब बॅच नंबरावर चालतो. गिऱ्हाइकाकडची कापलेली स्ट्रिप कुठल्या दुकानातली, कुठल्या बॅचची, हे मला सिद्ध करता येत नाही. ती माझ्या मालात मिसळली तर उद्या तपासणीत मीच सापडतो. केरळात सरकारनंच गोळा करायची योजना सुरू केली आहे, तशी इथं झाली तर दुकानात पेटी ठेवायला मी पहिला तयार आहे.

एक उपयोगाची गोष्ट. स्ट्रिपवर मुदत आणि बॅच एका टोकालाच छापलेली असते. ते टोक आधी कापून वापरलं की उरलेल्या तुकड्यावर नाव राहतं, मुदत जाते. अशा वेळी बिल शोधा. आमच्या बिलावर औषधाच्या नावासमोर बॅच आणि मुदत दोन्ही असतात.

मृणाल_राजारामपुरी

हे बरं झालं, सासूबाईंची फाइल होतीच. कोलेस्ट्रॉलच्या गोळीचा एक तुकडा होता, फक्त नाव आणि १० मिग्रॅ वाचता येत होतं. बिलं बघितली तर तेच औषध दोन वेळा घेतलेलं, दोन्ही बॅच वेगळ्या. एकाची मुदत मार्चमध्येच संपली, दुसरीची अजून आठ महिने आहे. आता हा तुकडा कुठला?

अनघा_फार्मसिस्ट

तुकड्यावर बॅचचा एखादा अंकही उमटलेला नसेल तर सांगता येणार नाही, म्हणून तो मुदत संपलेलाच धरायचा. बॅच जुळली तरच बिलावर विसंबायचं, नाव जुळलं म्हणून नव्हे. मुदत वाचताना एवढं लक्षात ठेवा, नुसता महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण ती मुदत बंद पाकिटासाठी असते. डोळ्यांत घालायचे थेंब फोडल्यावर साधारण महिनाभरच चालतात, बाटलीवर पुढच्या वर्षाची तारीख असली तरी.

प्रज्ञा_शिरोळ

माझंही असंच आहे. २०२१ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं. औषधांचे पुठ्ठ्याचे खोके भिजून गेले, स्ट्रिप राहिल्या. वाळवून ठेवल्यात, फॉइल कुठं फाटलेलं नाही. काहींवर छापलेलं धुऊन गेलंय. चांगल्या दिसणाऱ्या वापरता येतील का? कोऱ्या स्ट्रिपचं काय?

अनघा_फार्मसिस्ट

प्रज्ञाताई, वापरू नका, एकही नको. आता तर बहुतेकांची मुदतही उलटून गेली असेल. फॉइलला टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी ते दिसत नाही आणि पुराचं पाणी म्हणजे गटारांचंच पाणी. गोळीवर डाग आहे का, ती मऊ झालीय का, फुगलीय का, यावरून ती खराब झालेली कळेल. पण तसं काही दिसलं नाही म्हणून ती चांगली ठरत नाही. कोऱ्या स्ट्रिप आणि मृणालच्या बरणीतल्या सुट्या गोळ्या दोन्ही एकाच वर्गात, अनोळखी.

सई_टाकाळा

सुट्या गोळ्यांवर अक्षरं, आकडे असतात ना? ते टाकले की नाव सांगणाऱ्या वेबसाइट आहेत. माझी बहीण अमेरिकेत असते, ती तसंच बघते.

अनघा_फार्मसिस्ट

तिथं तोंडानं घ्यायच्या जवळपास प्रत्येक गोळीवर खूण असावीच लागते, म्हणून ती यादी बनू शकते. आपल्याकडं तशी सक्ती नाही. शेकडो कंपन्यांच्या पांढऱ्या गोल गोळ्या सारख्याच दिसतात. त्या वेबसाइटवर एखादं नाव जुळलं तरी ते तिथल्या गोळीचं असेल, तुमच्या बरणीतल्या नव्हे.

अनोळखी गोळी फ्लश करायची नाही, कारण ती त्या १७ पैकी आहे की नाही हे माहीत नाही. आणि साध्या कचऱ्यात मोकळी टाकायची नाही, कारण ती त्या १७ पैकी असूही शकते. ती सगळ्यात घातक आहे असं धरून बंद करून ठेवायची. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

कळंबा_कट्टा

आणि ज्या स्ट्रिपवर छापलेलं आहे पण नाव कळत नाही त्यांचं? मला तरी ती नावं वाचून काही बोध होत नाही.

अनघा_फार्मसिस्ट

ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. पुढच्या खुणाही बघा. लाल अक्षरांत एनआरएक्स असेल तर ते अमली औषधांच्या कायद्यात येतं. ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्यात आहे. एक्सआरएक्स असेल तर त्याहून कडक. या दोन खुणा दिसल्या की ते बाजूला, कुलपात. ऑगस्ट २०२३ पासून खूप खपणाऱ्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलनं वाचला की नाव, बॅच आणि मुदत दिसते. पण स्ट्रिपवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा आहे आणि खोकं आपण आधीच फेकलेलं असतं.

मृणाल, आता तुझ्या यादीचं एकेक बघू.

फेन्टानिलचे पॅच आधी. सासूबाईंवर जिथं उपचार झाले तिथल्या वेदनाशमन विभागाला फोन करून विचार, ते परत घेतात का. घेत असतील तर तेच सगळ्यात चांगलं. घेत नसतील तर घरात ठेवू नकोस. एकेक पॅच उघडायचा, चिकट बाजू आतल्या आत दुमडून चिकटवायची आणि फ्लश करायचा. हातमोजे घाल आणि नंतर हात नुसत्या पाण्यानं धू. वापरून काढलेला एखादा पॅच सापडला तर त्यालाही हेच. तीन दिवस अंगावर राहिल्यानंतरही त्यात बरंच औषध शिल्लक असतं, लोक तो नुसता बादलीत टाकतात ते फार धोक्याचं. ट्रॅमाडॉलची स्ट्रिपही परत घेणारं कुणी नसेल तर याच रस्त्यानं, गोळ्या काढून.

मेथोट्रेक्सेट मात्र स्ट्रिपमधून काढायचंच नाही. तोडायचं नाही, चुरायचं नाही. ते पेशींची वाढ रोखणारं औषध आहे, त्याची पूड श्वासात गेलेली चालत नाही, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हातही लावू नये. स्ट्रिप तशीच जाड पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर ठळक नाव लिहून. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात अशा औषधांचा पिवळा डबा वेगळा असतो आणि तो त्या १२०० अंशांच्या भट्टीकडं जातो. हीच पिशवी तिथं न्यायची. घरच्या रुग्णाचं उरलेलं घ्यायला ते नियमानं बांधलेले नाहीत, पण समजावून सांगितलं तर काही ठिकाणी घेतात.

मेडिकल_गंगावेश

माझं मत आहे की सगळीच औषधं स्ट्रिपमध्येच ठेवावीत. नाव राहिलं तर पुढं ज्याच्या हाती पडेल त्याला कळतं काय आहे ते.

अनघा_फार्मसिस्ट

कुणी परत घेणार असेल तर तुमचं बरोबर, स्ट्रिपमध्येच द्यावीत. पण घंटागाडीतच जाणार असतील तर मी काढायला सांगते. अख्खी स्ट्रिप कचऱ्यात दिसली की ती उचलली जाते. कचरा वेचणारी बाई ती घरी नेते, किंवा कुणी मुदत खोडून परत विकतं. बीपी आणि कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या, अँटिबायोटिक आणि त्या अनोळखी सुट्या गोळ्या यांचं असं करायचं. गोळ्या न चुरता एका जुन्या झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत घ्यायच्या. वरून वापरलेली ओली चहापूड आणि माती घालायची, गोळ्या दिसेनाशा होईपर्यंत. गाई, कुत्री तोंड लावत नाहीत आणि कुणी उचलून खात नाही. झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी. बरणीवर लिहायचं, घरगुती घातक कचरा, मुदत संपलेली औषधं. तुझ्या त्या गुलाबी गोळीचंही हेच. रिकाम्या स्ट्रिप सुक्या कचऱ्यात टाकण्याआधी नाव, बॅच असलेला भाग कात्रीनं आडवा कापून टाक.

ही चांगली सोय आहे असं मी म्हणत नाही. डेपोत बरणी फुटली तर पावसाच्या पाण्याबरोबर औषध झिरपणारच. गोळा करून भट्टीत नेणारी व्यवस्था नाही तोवर यातला धोका त्यातल्या त्यात कमी, एवढंच.

इन्सुलिनच्या सुया काढून स्क्रूच्या झाकणाच्या जाड बाटलीत टाक, पेनं बरणीबरोबरच. पंप वेगळा दे, भोसकू नकोस.

बावडेकर_निसर्ग

आमच्या भागातला टिप्परवाला ओला-सुका सोडून तिसरं काही वेगळं घेतच नाही. बरणी दिली की सुक्यातच टाकतो. मग लिहून उपयोग काय?

अनघा_फार्मसिस्ट

२०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर हे सगळं घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं द्यायला सांगितलं होतं, आणि ते वेगळं घ्यायची जबाबदारी पालिकेवर टाकली होती. एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले, त्यांतही औषधांसारखा कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळाच द्यायचा आहे. त्याचं बोट धरून वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकाकडं लेखी मागा. बरणी सुक्या कचऱ्यात गेली तरी लिहिलेलं असल्यामुळं वेगळं करणाऱ्या माणसाचा हात वाचतो, तो उपयोग आहेच.

विनायक_उचगाव

ठीक, माझं अर्धं वाचून झालं होतं. पण मला अजून पटत नाही की ट्रॅमाडॉल फ्लश केलेलं चालतं आणि बीपीची गोळी नाही. नदीला दोन्ही सारखंच ना?

अनघा_फार्मसिस्ट

नदीच्या बाजूनं तुमचं म्हणणं योग्य आहे. म्हणूनच माझ्या मते परत घेणारी जागा मिळाली तर तीही फ्लश करू नयेत. यादी घरातल्या माणसांचा विचार करून केलेली आहे. औषध क्षेत्रातही यावर दोन मतं आहेत.

स्नेहा_नागाळा

एक विचारू का? मुदत शिल्लक असलेल्या बंद स्ट्रिप गरिबांना का देऊ नयेत? शुगरची गोळी एवढी महाग. फेकायची म्हणजे जीवावर येतं.

मेडिकल_गंगावेश

ताई, इथला प्रश्न मुदत संपलेल्यांचा आहे, पण सांगतो. अख्खी, न कापलेली, नाव-बॅच-मुदत वाचता येणारी आणि थंड कोरड्या जागी ठेवलेली स्ट्रिप काही धर्मादाय दवाखाने फार्मसिस्टकडून तपासून घेतात. आपल्या हातानं शेजारणीला देऊ नका. फेन्टानिल, ट्रॅमाडॉल तर कुणालाच नाही, कायद्याचं प्रकरण होतं. इन्सुलिनही नाही, ते फ्रीजबाहेर किती दिवस होतं हे बघून कळत नाही.

मृणाल_राजारामपुरी

वेदनाशमन विभागात फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या पॅच घेऊन या, नोंद करून ठेवून घेतो. मेथोट्रेक्सेटबद्दल डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणाल्या, अजून उत्तर नाही. ती पिशवी तोवर वरच्या कपाटात कुलपात आहे. ट्रॅमाडॉलही पॅचबरोबरच नेते. बाकीची बरणी भरून ठेवली.

संभाजी_वडणगे

माझ्या गोठ्यात म्हशींची इंजेक्शनं पडून आहेत. काहींची चिठ्ठी शेणामुताच्या वाफेनं गेलीय. दोन बाटल्यांवर केटोप्रोफेन वाचता येतं. त्यावर बंदी आली म्हणतात, म्हणजे आता काय करायचं? आमचा जनावरांचा डॉक्टर म्हणतो खड्डा करून पुरा.

अनघा_फार्मसिस्ट

पुरू नका, विहीर जवळ असेल तर अजिबात नको. एसेक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेन जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली, तीही गिधाडांमुळंच. म्हणून शिल्लक आहे तर वापरून संपवू, असंही करू नका. बाटल्या फोडायच्या नाहीत, ओतायच्या नाहीत. उभ्या, बंद, एका डब्यात ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही सुया, बाटल्यांचा कचरा उचलणारी गाडी लागतेच, तिच्याबरोबर पाठवता येतील का ते विचारा. शेतकऱ्याकडच्या बाटल्या ते घेतात की नाही, हे इथं कुणाला अनुभवानं माहीत असेल तर लिहा.

संभाजी_वडणगे

सोमवारी विचारून येतो. चिठ्ठी गेलेल्या बाटल्या पण नेऊ का त्याच डब्यात?

अनघा_फार्मसिस्ट

न्या, पण वेगळ्या पिशवीत. आणि वरून लिहा, नाव माहीत नाही.